ॲल्युमिनियमचे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: न वितळवता केलेल्या सांध्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल परिसरातल्या शॉप्समध्ये ओतकाम आणि मशीनिंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगबद्दल इथून येणारे प्रश्न दोन बाजूंचे असतात. आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याला पिनहोल आणि तडे यांतून सुटका हवी असते, तर व्हीएमसी चालवणाऱ्याला आपल्याच मशीनवर हे काम जमेल का, हे जाणून घ्यायचे असते. या पानावर मुख्यतः एकच उदाहरण धरले आहे, ते म्हणजे ६०६१-टी६ मिश्रधातूच्या ६ मिमी जाडीच्या दोन प्लेटांचा समोरासमोरचा सांधा, म्हणजेच बट जॉइंट. इतर मिश्रधातूंचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथेच केला आहे.

ही प्रक्रिया नेमकी कशी चालते?

दोन प्लेटांच्या कडा एकमेकींना घट्ट भिडवून त्या जाड पोलादी बॅकिंग प्लेटवर क्लॅम्प केल्या जातात. स्पिंडलमध्ये बसवलेल्या टूलला दोन भाग असतात: रुंद, किंचित खोलगट खांदा, ज्याला शॉपमध्ये शोल्डर म्हणतात, आणि त्याच्या मधोमध प्लेटच्या जाडीपेक्षा जराशी आखूड पिन. फिरती पिन सांध्याच्या रेषेवर हळूहळू आत घुसवली जाते, शोल्डर प्लेटच्या पृष्ठभागाला टेकतो, काही सेकंद तिथेच फिरत राहून धातू तापवतो आणि मग टूल रेषेवरून पुढे सरकते. शोल्डरच्या घर्षणाने आणि धातूच्या स्वतःच्या विकृतीने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे धातू मऊ होतो, पिन त्याला पुढून उचलून मागे नेते आणि शोल्डर त्याला वरून दाबून धरतो. फिलर रॉड, आर्क आणि शील्डिंग गॅस यांपैकी काहीच लागत नाही. ही पद्धत १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली.

धातू खरोखरच वितळत नाही का?

६०६१ मिश्रधातू सुमारे ५८२ अंश सेल्सियसला वितळू लागतो आणि सुमारे ६५२ अंशांना पूर्ण द्रव होतो. टूलखालचे सर्वोच्च तापमान साधारणपणे ४०० ते ५०० अंशांच्या आसपास राहते, फार गरम वेल्डमध्ये ते याच्याही थोडे वर जाते. तापमान ५८२ ला पोहोचत नाही, यामागे प्रक्रियेतच असलेला एक लगाम आहे. धातू जसजसा वितळणबिंदूच्या जवळ जातो तसतशी त्याची ताकद झपाट्याने घटते. ताकद घटली की टूलला होणारा विरोध घटतो, टॉर्क खाली येतो आणि म्हणून तयार होणारी उष्णताही कमी होते. आर्कमध्ये असा लगाम नसतो. तिथे करंट वाढवला की वितळलेल्या धातूचे डबके वाढतच जाते.

या नियमालाही मर्यादा आहे. ज्या मिश्रधातूंत कमी तापमानाला वितळणारे घटक असतात तिथे कणांच्या सीमांवर पातळ द्रव पापुद्रे तयार होऊ शकतात. ॲल्युमिनियम तांब्याला जोडताना दोघांचे मिश्रण ५४८ अंशांनाच वितळू लागते आणि मॅग्नेशियमला जोडताना तर सुमारे ४५० अंशांनाच. त्यामुळे असे भिन्न धातूंचे सांधे करताना ‘इथे वितळणे नाही’ असे गृहीत धरून चालत नाही.

वितळले नाही म्हणून नेमके कोणते दोष टळतात?

कोल्हापूरच्या वाचकाला हे ओतकामाच्या भाषेतच सांगणे योग्य ठरेल, कारण आर्गॉनने केलेला वेल्ड हे धातुशास्त्राच्या दृष्टीने एक छोटे कास्टिंग असते. त्याला रायझर नसतो, त्यात डीगॅसिंग करता येत नाही आणि त्याच्या चारही बाजूंना थंड, ताठ धातूचा साचा असतो. कास्टिंगमध्ये जे बिघडते ते सगळे इथेही बिघडू शकते.

पहिला दोष म्हणजे वायूची छिद्रे. द्रव ॲल्युमिनियम वितळणबिंदूला दर १०० ग्रॅममागे सुमारे ०.७ घन सेंटीमीटर हायड्रोजन विरघळवून ठेवू शकते, पण त्याच तापमानाला घन झालेले ॲल्युमिनियम जेमतेम ०.०३६ घन सेंटीमीटर ठेवू शकते. गोठण्याच्या क्षणी ही क्षमता जवळपास वीस पटींनी कोसळते. बाहेर फेकला गेलेला हायड्रोजन गोठणाऱ्या डेंड्राइटच्या फांद्यांमध्ये अडकतो आणि बुडबुडे बनतो. हा हायड्रोजन येतो कुठून? फिलर रॉडवरच्या ओलसर ऑक्साइडमधून, प्लेटवरच्या कटिंग ऑइलमधून आणि हवेतल्या बाष्पातून. जून ते सप्टेंबरमध्ये कोल्हापुरात उघड्यावर ठेवलेल्या रॉडच्या पॅकेटमुळे वेल्ड फोडासारखे का फुलतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू सुरुवातीपासून शेवटपर्यंत घनच राहतो. क्षमता एकदम कोसळण्याचा क्षणच येत नाही, म्हणून या प्रकारची छिद्रेही होत नाहीत.

दुसरा दोष म्हणजे गोठतानाचे आकुंचन आणि त्यातून येणारे गरम तडे. ॲल्युमिनियम द्रवाचे घन होताना सुमारे ६ टक्के आकसते. गोठण्याच्या शेवटच्या टप्प्यात कणांच्या मध्ये द्रवाचा पातळ थर उरलेला असतो. त्याच वेळी आजूबाजूचा धातू आकसून त्या थराला ओढत असतो. वरून नवा द्रव येऊन ती फट भरली नाही तर तिथे तडा पडतो. फाउंड्रीत आपण जो हॉट टिअर पाहतो तो हाच. घन स्थितीतल्या सांध्यात कणांमध्ये द्रवाचा थर नसल्यामुळे फाटायला जागाच राहत नाही.

तिसरा मुद्दा वेल्डच्या कडेचा. फ्यूजन वेल्डमध्ये डबक्याला लागून असलेला पट्टा अर्धवट वितळतो आणि तिथे सूक्ष्म तडे येऊ शकतात. शिवाय आर्कच्या तापमानाला मॅग्नेशियम आणि जस्त यांचे थोडे बाष्पीभवन होऊन वेल्डचे रासायनिक प्रमाण बदलते. या दोन्ही गोष्टी इथे सहसा उद्भवत नाहीत. धूर आणि आर्कचा झगझगाटही नसतो.

६०६१ आर्गॉनने जोडताना फिलर रॉड लावलाच पाहिजे असे का म्हणतात, आणि इथे तो का लागत नाही?

६०६१ मधले मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे प्रमाण नेमके अशा जागी येते, जिथे गोठताना तडा जाण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असते. फिलर न घालता नुसत्या आर्कने दोन प्लेटा वितळवल्या तर वेल्डच्या मध्यरेषेवर तडा जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ४०४३ (सुमारे ५ टक्के सिलिकॉन) किंवा ५३५६ (सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम) फिलर घालून डबक्याचे रसायन त्या धोक्याच्या प्रमाणापासून दूर नेले जाते. ४०४३ चा वेल्ड मूळ प्लेटपेक्षा मऊ असतो आणि ॲनोडायझिंगनंतर राखाडी पट्टा बनून उठून दिसतो, ही त्याची किंमत.

फ्रिक्शन स्टर वेल्डमध्ये गोठण्याचा टप्पाच नसल्यामुळे हे प्रमाण अडचणीचे ठरत नाही. म्हणूनच विमानांत वापरले जाणारे २०२४ आणि ७०७५ हे मिश्रधातू, ज्यांना आर्कने जोडणे व्यवहारात टाळले जाते, या पद्धतीने जोडता येतात. मला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. वेगापेक्षा किंवा वीजबचतीपेक्षाही तो मोठा आहे.

स्टर झोन सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो?

सांध्याचा आडवा काप घेऊन, पॉलिश करून आणि रसायनाने एच करून पाहिला तर मधोमध एक वेगळा पट्टा दिसतो. तो वर शोल्डरच्या बाजूला रुंद आणि खाली पिनच्या टोकाकडे अरुंद असतो. हाच स्टर झोन, म्हणजे पिनने ढवळलेला धातू. मूळ रोल्ड प्लेटमध्ये कण रोलिंगच्या दिशेने लांबट आणि चपटे असतात, त्यांची लांबी कित्येक दहा मायक्रॉन किंवा त्याहून जास्त असते. स्टर झोनमध्ये त्यांच्या जागी सर्व दिशांनी जवळजवळ सारखे, बारीक कण दिसतात, ज्यांचा आकार बहुधा २ ते १० मायक्रॉनच्या आसपास असतो.

इथे कास्ट रचनेचा मागमूस नसतो. डेंड्राइट नाहीत, फांद्यांमध्ये साचलेली घटकांची विषम वाटणी नाही आणि डबक्याच्या कडेपासून मध्याकडे वाढलेले लांब स्तंभासारखे कणही नाहीत. धातू प्रचंड प्रमाणात विकृत होत असतानाच ४०० अंशांच्या वर तापलेला असतो. विकृतीमुळे जुन्या कणांत डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या मांडणीतल्या रेषीय चुका, साचतात, उष्णतेमुळे त्या पुन्हा मांडल्या जाऊन उपकणांच्या सीमा बनतात आणि या सीमांमधला कोन वाढत वाढत शेवटी नवे, स्वतंत्र कण तयार होतात. याला डायनॅमिक रीक्रिस्टलायझेशन म्हणतात. टूल पुढे गेल्यावर धातू काही क्षण गरम राहतो तेव्हा हे कण थोडे वाढतात. त्यामुळे आरपीएम जास्त आणि पुढे सरकण्याचा वेग कमी ठेवला, म्हणजेच वेल्ड गरम झाला, तर स्टर झोनचे कण मोठे मिळतात. वेल्ड थंड ठेवला तर ते बारीक मिळतात.

स्टर झोनला लागून असलेल्या पट्ट्यात कण वाकलेले, वर ओढले गेलेले दिसतात, पण नवे झालेले नसतात. तो धातू तापला आणि विकृत झाला, पण पूर्ण रीक्रिस्टलायझेशन होण्याइतका नाही. त्याच्या पलीकडे फक्त उष्णतेने बाधित पट्टा असतो, जिथे कण मूळ प्लेटसारखेच दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकात या शेवटच्या पट्ट्यात काही बदल झाला आहे हे कळतही नाही, आणि नेमका तोच पट्टा सांध्याची ताकद ठरवतो. त्याबद्दल पुढे सविस्तर आले आहे.

कापाच्या दोन बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूला पिनच्या फिरण्याची दिशा आणि टूलच्या सरकण्याची दिशा एकच असते तिला ॲडव्हान्सिंग साइड म्हणतात. वरून पाहता टूल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल आणि तुमच्यापासून दूर सरकत असेल, तर ही बाजू डावीकडची. या बाजूला स्टर झोनची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट दिसते. समोरच्या रिट्रीटिंग साइडला ती पसरट आणि धूसर असते. काप हातात आला की आधी ही स्पष्ट कड शोधावी, कारण आतली पोकळी असली तर बहुधा तिच्याच जवळ सापडते.

स्टर झोनमध्ये कांद्याच्या कापासारखी वलये दिसतात. तो दोष आहे का?

नाही. पिनच्या प्रत्येक फेऱ्यात धातूचा एक थर मागे रचला जातो आणि थरांमधले अंतर टूलच्या एका फेऱ्यातल्या प्रगतीइतके असते. १००० आरपीएम आणि मिनिटाला १२० मिमी वेग असेल तर हे अंतर ०.१२ मिमी येते. वेल्डच्या वरच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या अर्धगोलाकार रेषाही याच अंतरावर असतात. अंतर नियमित असणे हे प्रक्रिया स्थिर असल्याचे लक्षण आहे.

कण इतके बारीक असतात, तर सांधा मूळ प्लेटपेक्षा मजबूत का नसतो?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि त्यात एक समजूत दडलेली असते, की बारीक कण म्हणजे आपोआप जास्त ताकद. पोलादात हा नियम ठळकपणे दिसतो. ॲल्युमिनियममध्ये कण बारीक होण्याने ताकद वाढते, पण फार थोडी. ६०६१-टी६ ची ताकद मुख्यतः कणांच्या आत पसरलेल्या, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म सुईसारख्या अवक्षेपांतून येते, जे टी६ प्रक्रियेत मुद्दाम वाढवलेले असतात. वेल्डिंगची उष्णता या अवक्षेपांचे काय करते, यावर सगळे अवलंबून आहे.

स्टर झोनमध्ये तापमान इतके वर जाते की हे अवक्षेप बऱ्याच अंशी पुन्हा धातूत विरघळतात. थंड झाल्यावर, खोलीच्या तापमानाला दिवसेंदिवस ठेवल्यावर त्यांतले काही घटक पुन्हा एकत्र येतात आणि कडकपणा काही प्रमाणात परत येतो. पण स्टर झोनपासून काही मिलिमीटर दूर, जिथे धातू साधारण ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापला, तिथे हे अवक्षेप विरघळत नाहीत. ते जाडेभरडे होतात, संख्येने कमी होतात आणि डिसलोकेशन अडवण्याचे त्यांचे काम थांबते. यालाच ओव्हरएजिंग म्हणतात.

म्हणून सांध्याच्या आडव्या कापावर मिमीमिमीला कडकपणा मोजला की आलेख इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा येतो. मूळ प्लेट साधारण १०५ ते ११० विकर्स, मधला स्टर झोन ७० ते ८० च्या आसपास आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ६० ते ६५ पर्यंत उतरलेल्या दोन दऱ्या. टेन्साइल टेस्टमध्ये चांगला सांधा यांपैकी एका दरीत तुटतो, मधल्या पट्ट्यात नाही. मूळ प्लेट सुमारे ३१० मेगापास्कलला तुटत असेल तर सांधा बहुधा २०० ते २५० च्या दरम्यान तुटतो. डिझाइन करताना हाच आकडा धरायचा असतो, प्लेटच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा नाही. ५०८३ सारख्या, उष्णोपचाराने कडक न होणाऱ्या मिश्रधातूची प्लेट मऊ अवस्थेत असेल तर अशी दरी जवळजवळ दिसत नाही आणि सांधा मूळ प्लेटच्या ताकदीच्या अगदी जवळ पोहोचतो.

वेल्डनंतर भट्टीत घालून ताकद परत आणता येते का?

फक्त एजिंग केले तर स्टर झोनचा कडकपणा वाढतो, पण बाजूच्या दऱ्या तशाच राहतात, कारण तिथले जाड झालेले अवक्षेप एजिंगच्या तापमानाला विरघळत नाहीत. पूर्ण सोल्यूशन ट्रीटमेंट, क्वेंचिंग आणि मग एजिंग केले तर कडकपणा सगळीकडे परत येतो. मात्र तेव्हा स्टर झोनमधले बारीक कण अस्थिर होऊन काही कण अचानक मिलिमीटरच्या मापात वाढू शकतात आणि प्लेट वाकण्याचीही भीती असते. मोठ्या जॉबसाठी हा मार्ग सहसा व्यवहार्य ठरत नाही.

६ मिमी प्लेटसाठी सेटिंग कसे ठरवावे? एखादे उदाहरण द्याल का?

टूल एच१३ पोलादाचे, सुमारे ५० एचआरसीपर्यंत हार्ड केलेले घ्यावे. शोल्डर १८ मिमी, पिनचा व्यास ६ मिमी, लांबी ५.८ मिमी. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणार असेल तर पिनवरची आटी डावी असली पाहिजे, कारण तेव्हाच ती धातूला खाली ढकलते. उजवी आटी कापली तर धातू वर उचलला जातो आणि तळाशी पोकळी राहते. टूल मागच्या बाजूला २ अंश झुकवावे. सुरुवातीला १००० आरपीएम आणि मिनिटाला १२० मिमी हे सेटिंग सुरक्षित असते. दोन प्लेटांमधली फट जाडीच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे ०.६ मिमीपेक्षा, खूपच कमी ठेवावी.

आता झुकावाचा हिशोब पाहू, कारण इथे चूक सहज होते. १८ मिमीचा शोल्डर २ अंश झुकला की त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ०.६३ मिमी खाली येते, म्हणजे शोल्डरच्या मध्यापेक्षा ०.३१ मिमी खाली. मागची कड प्लेटमध्ये ०.२ मिमी रुतवली तर शोल्डरचा मध्य प्लेटच्या वर सुमारे ०.११ मिमीवर राहतो. ५.८ मिमीची पिन मग पृष्ठभागापासून जवळपास ५.६९ मिमी खोलच जाते आणि तिच्याखाली ०.३१ मिमी धातू न ढवळता राहतो. ऑपरेटरच्या मनात मात्र ०.२ मिमी असतात. मुळाशी न जुळलेल्या सांध्याच्या तक्रारी बऱ्याचदा या दशांश मिलिमीटरातून येतात. पिन ५.९ मिमीची केली किंवा रुतवणे ०.३ मिमी केले तर फरक पडतो. मात्र पिनचे टोक बॅकिंग प्लेटला घासणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

झेड अक्षाचे शून्य कुठे घेतले, हेही पाहावे. शून्य बॅकिंग प्लेटवर घेतले तर पिनखालचा धातू कायम सारखाच राहतो, पण प्लेट ५.९ मिमी भरली तर शोल्डर फक्त ०.१ मिमी रुततो आणि वरचा दाब कमी पडतो. शून्य प्लेटच्या पृष्ठभागावर घेतले तर याच्या उलट होते. त्यामुळे क्लॅम्प करण्यापूर्वी प्लेटची जाडी मायक्रोमीटरने लांबीभर तपासावी.

उत्पादन वाढवण्यासाठी वेग चौपट केला तर काय होते?

१००० आरपीएम तसेच ठेवून वेग मिनिटाला ५०० मिमी केला तर पिन प्रत्येक फेऱ्यात ०.५ मिमी पुढे जाते. तिच्या मागे उरलेली जागा तेवढ्याच वेळात पलीकडून वळून येणाऱ्या धातूने भरावी लागते. पण वेग वाढल्याने दर मिलिमीटरला मिळणारी उष्णता घटलेली असते आणि धातू ताठ असतो. भरण्यात सर्वांत शेवटी येणारा कोपरा म्हणजे ॲडव्हान्सिंग साइडचा खालचा भाग, आणि तोच रिकामा राहतो. टूल सरकत असल्यामुळे ही पोकळी वेल्डच्या लांबीभर धावते. तिला टनेल डिफेक्ट म्हणतात. वरून वेल्ड छान दिसू शकतो, म्हणूनच हा दोष फसवा आहे.

हीच पोकळी अति गरम वेल्डमध्येही येऊ शकते. शोल्डर फार खोल रुतला आणि कडेने धातूची जाड झालर, म्हणजे फ्लॅश, बाहेर पडली, तर तो धातू आतूनच गेलेला असतो. म्हणून पोकळी सापडली की आधी फ्लॅश पाहावी. फ्लॅश जवळजवळ नसेल तर वेल्ड थंड आहे किंवा दाब कमी आहे. तेव्हा वेग कमी करावा किंवा शोल्डर ०.१ मिमी जास्त रुतवावा. फ्लॅश खूप असेल तर आरपीएम किंवा रुतवणे कमी करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

वितळणे नसल्यामुळे प्लेट साफ करण्याची गरज राहत नाही, हे खरे आहे का?

हे पूर्ण खरे नाही. हायड्रोजनच्या छिद्रांचा धोका नसतो, पण कडांवरचा ऑक्साइड कुठे नाहीसा होत नाही. तो सुमारे २०५० अंशांना वितळतो, म्हणजे कोणत्याच वेल्डिंग पद्धतीत तो आपसूक वितळून जाणार नाही. आर्गॉन वेल्डिंगमध्ये एसी आर्क त्याला उडवते. इथे पिन त्याचे तुकडे करून ते विखुरते. ढवळणे अपुरे पडले तर तुकड्यांची रांग स्टर झोनमध्ये वेड्यावाकड्या रेषेसारखी उरते. त्याहून वाईट स्थिती म्हणजे मुळाशी दोन पृष्ठभाग नुसते चिकटून राहतात आणि त्यांच्यात खरा बंध तयार होत नाही. याला किसिंग बाँड म्हणतात. कडा मिल केलेल्या असाव्यात, वेल्डच्या आधी स्टेनलेस ब्रशने घासाव्यात आणि ॲसिटोनने पुसाव्यात.

एक्स-रे काढला की तपासणी पूर्ण झाली असे समजावे का?

टनेल पुरेसा मोठा असेल तर एक्स-रेमध्ये दिसतो. किसिंग बाँडमध्ये मात्र मोकळी जागाच नसते, त्यामुळे फिल्मवर काहीच उमटत नाही. फेज्ड ॲरे अल्ट्रासॉनिकने तळाची न जुळलेली फट बऱ्याचदा सापडते, पण घट्ट चिकटलेला किसिंग बाँड त्यालाही चुकवू शकतो. म्हणून मुळाची चाचणी रूट बेंडने करावी. तळाची बाजू ताणाखाली येईल अशा तऱ्हेने पट्टी वाकवली की न जुळलेला सांधा रेषेवरच उघडतो, आणि तो उघडण्यासाठी फार वाकवावेही लागत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगसाठी आयएसओ २५२३९ हे मानक आहे. ग्राहक कागदपत्रे मागणार असेल तर चाचण्या त्यानुसार ठरवाव्यात.

शॉपमध्ये करता येण्याजोगी चाचणी म्हणजे मॅक्रो काप. वेल्डच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन तुकडे कापावेत, पाण्याच्या पॉलिश पेपरवर बारीक ग्रेडपर्यंत घासावेत आणि १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात काही मिनिटे ठेवावेत. पृष्ठभाग काळा पडतो. तो पाण्याने धुऊन पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवला की काळेपणा निघून स्टर झोनची कड, वलये आणि पोकळी नुसत्या डोळ्यांना किंवा दहा पटींच्या भिंगाखाली दिसतात. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम टाकल्यावर हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, ठिणगीपासून दूर करावे. कणांचा आकार मोजायचा असेल तर मात्र मेटॅलर्जीच्या लॅबमध्येच जावे लागते.

आमच्या व्हीएमसीवर हे काम होईल का?

पातळ शीटसाठी, साधारण ३ मिमीपर्यंत, जपून करता येते. ६ मिमीला खाली दाबणारे बल १० किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त, म्हणजे एक टनाच्या वर जाऊ शकते आणि ते पूर्ण वेल्डभर टिकून राहते. मिलिंग स्पिंडलची बेअरिंग एवढ्या सततच्या उभ्या भाराचा विचार करून निवडलेली नसतात. शिवाय साधे व्हीएमसी जागा धरून चालते, बल धरून नाही. प्लेट किंवा बेड थोडे दबले की शोल्डर वर उचलला गेल्यासारखा होतो आणि मशीनला ते कळत नाही. जुने, भक्कम नी-टाइप मिलिंग मशीन पुष्कळदा या कामाला जास्त योग्य ठरते. नियमित उत्पादनासाठी बल नियंत्रित करणारे मशीनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेल्डच्या शेवटी उरणाऱ्या भोकाचे काय करायचे?

पिन बाहेर निघते तिथे तिच्या आकाराचे भोक राहते. प्लेटला पुढे एक तुकडा जोडून वेल्ड त्यावर संपवावा आणि नंतर तो तुकडा कापून टाकावा. नळीवरच्या गोल सांध्यात हे शक्य नसते. तिथे पिन आत ओढून घेणारे टूल लागते किंवा ते भोक स्वतंत्रपणे भरावे लागते.

ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर ही पद्धत चालते का?

चालते, आणि इथल्या फाउंड्रींनी याकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. ए३५६ सारख्या कास्टिंगमध्ये सिलिकॉनचे टोकदार पत्रे आणि आकुंचनाची छिद्रे असतात. पिन तिथून फिरली की सिलिकॉनचे पत्रे मोडून बारीक, गोलसर कण होतात आणि छिद्रे दाबून बंद होतात. त्यामुळे स्टर झोनचा लवचीकपणा मूळ कास्टिंगपेक्षा स्पष्टपणे वाढतो. प्रेशर डाय कास्टिंगला आर्क लावला की आत दाबून बसलेला वायू डबक्यात उसळून फोड येतात. घन स्थितीत ही उसळी टळते.

पण इथे एक अट लक्षात ठेवावी लागते. छिद्र बंद झाले तरी त्यातला वायू धातूबाहेर गेलेला नसतो. असे कास्टिंग नंतर सोल्यूशन ट्रीटमेंटसाठी ५०० अंशांच्या वर नेले, तर मऊ झालेल्या धातूत तो वायू पुन्हा फुगून पृष्ठभागावर फोड आणू शकतो. म्हणून टी६ करायचे कास्टिंग असेल तर आधी मूळ ओतकामातला वायू कमी करावा आणि एक नमुना भट्टीतून काढून तपासल्यावरच पूर्ण लॉट वेल्डला घ्यावा.